दिवसातला किती वेळ अंथरुणात? केमोथेरपीच्या दारावरच्या एका प्रश्नाचा इतिहास

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. माझ्या नावामागे जे ‘डॉ.’ लागतं ते तत्त्वज्ञानातलं आहे आणि त्याने कुणाचा ताप उतरत नाही. तरी आज मी एका वैद्यकीय गोष्टीच्या इतिहासावर बोलणार आहे, कारण त्या गोष्टीशी माझा एकदा फार जवळून संबंध आला, आणि त्या वेळी मी खोटं बोललो.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणत असू, जाऊन आता चौदा वर्षं झाली. त्याला फुप्फुसाचा कॅन्सर झाला होता. निदान झालं तेव्हा तो शरीरात इतरत्र पसरलेला होता, म्हणजे शस्त्रक्रियेचा प्रश्न नव्हता. केमोथेरपी द्यायची की नाही हे ठरायचं होतं. ओपीडीत एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी फाईल चाळली, दादाकडे पाहिलं आणि विचारलं, “काका, दिवसभर काय करता? घरातलं काम जमतं? दिवसातला किती वेळ अंथरुणात असता?” दादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “चालतो-फिरतो डॉक्टर. पेपर वाचतो, अंगणातल्या झाडांना पाणी घालतो.” हे सगळं खरं होतं, पण दोन महिन्यांपूर्वीचं. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत. डॉक्टरांनी कागदावर दोन अक्षरं आणि एक आकडा लिहिला: पीएस १.

तो आकडा म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ‘पीएस’ म्हणजे परफॉर्मन्स स्टेटस. साध्या मराठीत माणूस किती हिंडता-फिरता आहे, स्वतःचं स्वतः किती करतो, याची पायरी. तो आकडा कुणी काढला, कशासाठी काढला आणि तो केमोथेरपीच्या दारावर येऊन कसा बसला, हे मी नंतर वाचत गेलो. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

गोष्ट सुरू होते दुसऱ्या महायुद्धात आणि एका विषारी वायूपासून. मस्टर्ड गॅसने माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात, हे पहिल्या महायुद्धापासून ठाऊक होतं. त्याच कुळातलं एक रसायन, नायट्रोजन मस्टर्ड, अमेरिकेत येल विद्यापीठात १९४२ मध्ये लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या एका रुग्णाला शिरेतून देऊन पाहिलं. गाठी विरघळल्या, मग काही काळाने परत आल्या. युद्धाच्या गुप्ततेमुळे हे काम १९४६ पर्यंत छापलं गेलं नाही. ते छापून येताच न्यूयॉर्कपासून सगळीकडे डॉक्टर हे औषध निरनिराळ्या कॅन्सरवर वापरून पाहू लागले.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डेव्हिड कार्नॉफ्स्की नावाचा तिशीतला डॉक्टर होता. त्याने एबलमन, क्रेव्हर आणि बर्चेनाल या सहकाऱ्यांबरोबर हे औषध फुप्फुसाच्या कॅन्सरच्या अशा रुग्णांना दिलं, ज्यांची शस्त्रक्रिया होऊ शकत नव्हती. १९४८ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. आता त्यांची अडचण काय होती, ती बघा. औषध दिल्यावर काही तासांत रुग्णाला मळमळ आणि उलट्या व्हायच्या, पुढच्या दोन-तीन आठवड्यांत रक्तातल्या पेशी उतरायच्या. एक्स-रेवर गाठ बहुतेकदा फारशी लहान दिसायची नाही, दिसलीच तर थोडे दिवस. आयुष्य किती वाढलं, हे सांगणंही अवघड, कारण तुलनेला कुणी नाही. तरीसुद्धा काही रुग्णांचा खोकला कमी व्हायचा, धाप कमी लागायची आणि पलंगाला खिळलेला माणूस उठून खुर्चीत बसायचा. हा फायदा खरा होता, पण तो लिहायचा कसा? ‘रुग्णाला बरं वाटतंय’ एवढं लिहिलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. नवं औषध म्हटलं की रुग्णालाही बरं वाटतं आणि डॉक्टरलाही.

म्हणून त्यांनी चार गोष्टी वेगवेगळ्या नोंदवायचं ठरवलं. रुग्ण स्वतः काय सांगतो ती एक. तपासणीत काय दिसतं ती दुसरी. सुधारणा किती टिकली आणि आयुष्य किती लांबलं ही आणखी एक. आणि या सगळ्यांपासून वेगळी अशी एक नवीच: हा माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो. हीच ती कार्नॉफ्स्कीची पट्टी. ती शंभरापासून शून्यापर्यंत, दहा-दहाने उतरते. शंभर म्हणजे काहीही तक्रार नाही. ऐंशी म्हणजे रोजचं सगळं करतो, पण प्रयासाने. सत्तर म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, पण नोकरीधंदा जमत नाही. पन्नास म्हणजे बरीच मदत लागते आणि डॉक्टरही वारंवार लागतो. तीसला रुग्णालयात ठेवायला हवं, पण मरण लगेच समोर नाही. दहा म्हणजे शेवटची घटका आणि शून्य म्हणजे मृत्यू.

या पट्टीत विचारलेले प्रश्न बघा. दुखतं किती, झोप लागते का, मनाला काय वाटतं, यांतलं काही नाही. तिचे प्रश्न दोनच आहेत: काम करतो का? दुसऱ्याची मदत किती लागते? कार्नॉफ्स्कीने आपला हेतू लपवला नाही. रुग्ण किती उपयोगी आहे, किंवा घरावर आणि समाजावर त्याचा भार किती आहे, हे या कसोट्यांनी मोजता येतं, अशा अर्थाचं त्याने स्वच्छ लिहून ठेवलं आहे. आज ते वाक्य कानाला टोचतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला होता. माझा भाऊ काय ओझं आहे का? पण थोडं थांबून पाहिलं तर त्याची बाजू दिसते. तो कुणाला बाहेर ठेवण्यासाठी हे मोजत नव्हता, आपल्या औषधाला प्रश्न विचारत होता. ज्याला काल दुसऱ्याने भरवावं लागत होतं, तो आज स्वतः जेवतोय का? औषधाने हे केलं असेल तर ते औषध काही कामाचं, नाहीतर नाही. पट्टी रुग्णाला लावलेली होती, पण परीक्षा औषधाची होती. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवा, कारण पुढे नेमका हाच उलटतो.

इथे तत्त्वज्ञानाचा मास्तर म्हणून एक छोटीशी तक्रार नोंदवतो. आकडा लिहिला की आपल्याला वाटतं, मोजमाप झालं. पण ताप मोजणं आणि हे मोजणं एक नव्हे. थर्मामीटरवर ९९ आणि १०० मधलं अंतर जेवढं, तेवढंच १०१ आणि १०२ मधलं. कार्नॉफ्स्कीच्या पट्टीवर नव्वदवरून ऐंशीवर येणं म्हणजे जिना चढताना दम लागणं. साठवरून पन्नासवर येणं म्हणजे घरातलं दुसरं माणूस नोकरी सोडून जवळ बसणं. दोन्हीकडे अंतर दहाच आहे, पण ते दहा सारखे नाहीत. शर्यतीत पहिला, दुसरा, तिसरा नंबर लागतो तसे हे नंबर आहेत. कोण पुढे, एवढंच त्यांतून कळतं. किती पुढे, हे कळत नाही. त्यांची बेरीज-वजाबाकी करायला गेलं की फसगत होते.

शिवाय अकरा पायऱ्या म्हणजे जरा जास्तच बारीक कातणं झालं. हा रुग्ण साठ की सत्तर, यावर दोन डॉक्टरांचं एकमत होणं अवघड. एकाच रुग्णालयात ते चालून जातं, पण १९५० च्या दशकात अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून एकच प्रयोग करायला सुरुवात केली. अशा एका गटाने, गॉर्डन झुब्रॉड यांच्या पुढाकाराने, नायट्रोजन मस्टर्ड आणि थायोटेपा या दोन औषधांची तुलना केली आणि १९६० मध्ये ती छापली. कुणाला कोणतं औषध द्यायचं हे नशिबावर, म्हणजे चिठ्ठी टाकावी तसं ठरत होतं. अशा वेळी सगळ्या रुग्णालयांत एकच भाषा हवी. त्यांनी पायऱ्या कमी केल्या आणि क्रमही उलटा केला: शून्य म्हणजे उत्तम, चार म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. हाच गट पुढे ईस्टर्न कोऑपरेटिव्ह ऑन्कोलॉजी ग्रुप, म्हणजे ईकॉग, या नावाने ओळखला गेला. त्यांच्या पायऱ्यांचा आज सर्वत्र वापरला जाणारा मसुदा १९८२ मध्ये छापला गेला. आपल्याकडच्या कॅन्सर ओपीडीतही बहुतेक वेळा फाईलवर लिहिला जातो तो हाच आकडा.

त्या पायऱ्या सावकाश सांगतो. शून्य: आजाराआधी जे करत होता ते सगळं आजही करतो. एक: अंगमेहनतीचं काम जमत नाही, पण चालता-फिरता आहे आणि हलकं काम, घरातलं किंवा टेबलावरचं, करू शकतो. दोन: स्वतःचं सगळं स्वतः करतो, पण कोणतंही काम जमत नाही, मात्र जागेपणाचा निम्म्याहून जास्त वेळ उठून असतो. तीन: स्वतःचंही थोडंच करता येतं, आणि जागेपणाचा निम्म्याहून जास्त वेळ पलंगावर किंवा खुर्चीत जातो. चार: काहीच करता येत नाही. आणि पाच म्हणजे मृत्यू.

यातली दोन आणि तीन यांच्यामधली रेघ सगळ्यात महत्त्वाची. तिथे मोजायचं आहे ते घड्याळ. माणूस सकाळी सहाला उठतो आणि रात्री दहाला झोपतो असं धरलं तर जागेपणाचे सोळा तास झाले. त्यांतले आठ तासांपेक्षा जास्त तो आडवा किंवा खुर्चीला टेकून असेल तर तीन, कमी असेल तर दोन. ‘जागेपणाचा’ हा शब्द विसरू नका, रात्रीची झोप यात धरायची नाही. आणि खुर्चीही धरायची. आपल्याकडे पुष्कळांना वाटतं, आजोबा पलंगावर नाहीत, आरामखुर्चीत आहेत, म्हणजे हिंडते-फिरते आहेत. या पट्टीच्या हिशेबात तसं नाही.

दोन्ही पट्ट्या एकमेकींशी जुळवायचे तक्ते आहेत, पण तिथेही सांधा नीट बसत नाही. रूढ तक्त्यात कार्नॉफ्स्कीचे ऐंशी आणि सत्तर हे दोन्ही ईकॉगच्या एकमध्ये बसवतात. पण सत्तरची व्याख्या म्हणते, काम जमत नाही. एकची व्याख्या म्हणते, हलकं काम जमतं. म्हणजे तोच माणूस शब्द वाचून ठरवला तर दोनमध्ये जातो आणि तक्ता पाहून ठरवला तर एकमध्ये. एका पायरीचा फरक किरकोळ वाटतो. तो किरकोळ का नाही, तेच आता सांगतो.

१९७० च्या दशकात या आकड्याचं दुसरंच रूप पुढे आलं. अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत फुप्फुसाच्या कॅन्सरवर मोठे प्रयोग चालू होते. १९८० मध्ये स्टॅन्ली नावाच्या संशोधकाने तिथल्या पाच हजारांवर रुग्णांची माहिती घेतली आणि सत्त्याहत्तर गोष्टी तपासल्या. सगळ्यांत ठळकपणे रुग्ण किती जगेल हे सांगणारी गोष्ट निघाली सुरुवातीचा परफॉर्मन्स स्टेटस. त्याबरोबर आजाराचा पसारा आणि वजनातली घट. म्हणजे ‘दिवसभर काय करता’ हा साधा प्रश्न कित्येक महागड्या तपासण्यांच्या पुढे गेला.

इथे इतिहासाने वळण घेतलं. कार्नॉफ्स्कीचा आकडा औषधानंतरचा होता: औषधाने काय केलं? आता तो औषधाआधीचा झाला: या माणसाचं काय होणार? आणि भाकीत हातात आलं की पुढची पायरी आपोआप येते. जो तसाही लवकर जाणार आहे त्याला प्रयोगात कशाला घ्या? त्याच्यामुळे औषधाचे निकाल वाईट दिसतील, आणि त्याला त्रासही जास्त होईल. मग प्रयोगांत शून्य आणि एकचेच रुग्ण घेण्याची पद्धत पडली. प्रयोग त्यांच्यावर झाले, म्हणून औषधांचा पुरावाही त्यांच्यापुरताच राहिला. पुरावा नाही म्हणून बाकीच्यांना औषध देताना हात आखडला. आकडा जो पूर्वी निकालपत्रक होता, तो प्रवेशपत्र झाला.

यात काय चुकू शकतं, याचं एक उदाहरण खुद्द ईकॉगच्याच प्रयोगातलं आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर चार वेगवेगळ्या औषधजोड्यांची तुलना केली. सुरुवातीला दोनच्या पायरीचे रुग्णही घेतले. सुमारे पासष्ट घेऊन झाले असतील, तोवर असं दिसलं की त्यांना फार त्रास होतोय, उपचार चालू असताना पाच जण दगावले आहेत. म्हणून त्या पायरीला दार बंद केलं. सावधपणा म्हणून ते योग्यच होतं. पण सगळी माहिती हातात आल्यावर २००१ मध्ये त्या रुग्णांचा वेगळा हिशेब छापला गेला. त्या पाचांपैकी दोनच मृत्यू औषधामुळे झालेले निघाले, बाकीचे आजारामुळे. औषधाचा एकूण त्रासही शून्य-एकवाल्यांपेक्षा फारसा वेगळा नव्हता. मात्र ते जगले फार कमी, चारेक महिने. म्हणजे त्यांना मारत होता तो आजार, आणि दोष लागला औषध सोसण्याच्या ताकदीला. ‘आजाराने खंगलेला’ आणि ‘औषध न सोसणारा’ या दोन गोष्टी एकाच आकड्यात मिसळल्या होत्या, आणि आकडा त्या वेगळ्या करून सांगत नव्हता.

मग दोनच्या पायरीवरच्यांना काय द्यावं? ब्राझील आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी फक्त याच पायरीचे २०५ रुग्ण घेऊन एक प्रयोग केला, तो २०१३ मध्ये छापला गेला. निम्म्यांना एक औषध, निम्म्यांना दोन औषधांची जोडी. तोपर्यंत पुष्कळांचा समज असा, की अशक्त माणसाला एकच औषध द्यावं, तेच सौम्य. निकाल उलटा लागला: एका औषधावर मध्यम आयुष्य ५.३ महिने, जोडीवर ९.३ महिने. जोडीवर असलेल्यांपैकी शंभरात सुमारे चार जण उपचारामुळे दगावले, तेही खरं. पण दार बंद असतं तर ही तुलना झालीच नसती.

आता याच्या दुसऱ्या टोकाचा प्रसंग सांगतो. जपानमध्ये काही डॉक्टरांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे असे रुग्ण घेतले, ज्यांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात ठरावीक बदल होता. असा बदल असलेल्यांना जेफिटिनिब ही गोळी लागू पडते. हे तीस रुग्ण होते आणि त्यांतले बावीस तीन किंवा चारच्या पायरीवर, म्हणजे ज्यांना केमोथेरपी दिलीच नसती असे. २००९ मध्ये निकाल छापला. त्या बावीस जणांपैकी दोनतृतीयांश एक किंवा त्याहून चांगल्या पायरीवर आले. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामाला लागली. म्हणजे आकडा चुकीचा होता का? नाही. ती माणसं खरोखरच अंथरुणात होती. आकड्याने ‘किती’ अगदी बरोबर सांगितलं होतं. ‘का’ आणि ‘पुढे बदलेल का’ हे त्याने कधीच सांगितलं नव्हतं. म्हणूनच अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये तीन-चारच्या रुग्णांना, आधीच्या उपचाराचा उपयोग झालेला नसेल तर, कॅन्सरविरोधी औषधं देऊ नका असं सांगितलं, तेव्हा अपवादही सांगितले: अशक्तपणा दुसऱ्याच कारणाने असेल, किंवा गाठीत असा एखादा बदल असेल, तर वेगळा विचार करा.

आणि एकच्या पायरीवरचा माणूस सुरक्षित, असंही समजू नका. होली प्रिगरसन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अशा रुग्णांचा अभ्यास छापला, ज्यांचा आजार आधीच्या केमोथेरपीनंतरही वाढला होता आणि डॉक्टरांच्या अंदाजाने सहा महिन्यांच्या आत आयुष्य उरलं होतं. शेवटच्या आठवड्यात त्यांचं जगणं कसं गेलं, हे जवळच्यांना विचारलं. दोन आणि तीनच्या पायरीवर केमोथेरपी घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरक दिसला नाही. एकच्या पायरीवर मात्र केमोथेरपी घेतलेल्यांचे शेवटचे दिवस जास्त वाईट गेले. ज्याच्याजवळ गमावण्यासारखं काही शिल्लक होतं, त्याने ते गमावलं. आजाराच्या त्या टप्प्यावर ‘पीएस १’ म्हणजे ‘द्यायला हरकत नाही’ असं होत नाही.

हे सगळं वाचून मी परत आलो त्या ओपीडीतल्या टेबलापाशी. तो आकडा ठरतो कसा? चार-पाच मिनिटांच्या बोलण्यातून. जपानमधल्याच एका अभ्यासात एकाच रुग्णाची पायरी डॉक्टर, नर्स आणि रुग्ण अशा तिघांनी ठरवली. डॉक्टरांनी सगळ्यांत चांगली लावली, रुग्णांनी स्वतःला सगळ्यांत वाईट, नर्सची मधली. कारण उघड आहे. डॉक्टरला रुग्ण दिसतो तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, ताठ बसलेला. नर्सला तो त्यानंतर दिसतो. आणि घरच्यांनी माझ्यासारखं बोलायचं ठरवलं, तर डॉक्टरच्या चुकीत आपली चूक मिळते.

दादाचा खरा दिवस मी नंतर वहिनींबरोबर बसून मांडला. सहाला जाग. चहा आणि तोंड धुणं, अर्धा तास, मग परत आडवा. दहाला आंघोळ, वहिनी स्टूल मांडून पाणी घालायच्या, कारण त्याला वाकता येत नव्हतं. ते सगळं धरून पाऊण तास. जेवायला बसून अर्धा तास. संध्याकाळी ओसरीवर दीड तास, पण तोही खुर्चीत. रात्रीचं जेवण अर्धा तास. सोळा तासांतले उठून असलेले तास फार तर सव्वादोन, खुर्ची उदार होऊन धरली तरी पावणेचार. आंघोळीला दुसऱ्याचा हात. हे तीन आहे मंडळी, एक नव्हे. मी दोन पायऱ्या खोट्या सांगितल्या.

दादाला दोन औषधांची केमोथेरपी मिळाली. अकराव्या दिवशी थंडी वाजून ताप आला, पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या, नऊ दिवस रुग्णालयात राहावं लागलं. मी खरं बोललो असतो तर हे टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. असा ताप एकच्या पायरीवरच्या माणसालाही येतो. मला छळतं ते वेगळंच. तिथे भरती असताना एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी वहिनींना विचारलं, “हे झोपून का असतात? थकवा म्हणून की दुखतं म्हणून?” वहिनी म्हणाल्या, “उठले की कमरेखाली दुखतं हो, म्हणून उठत नाहीत.” तपासलं तर कंबरेच्या हाडात आजार उतरलेला. तिथे रेडिएशन दिलं, दुखण्याची औषधं बदलली. दोन-तीन आठवड्यांत दादा काठी घेऊन ओसरीपर्यंत आपला आपण जाऊ लागला.

म्हणजे बघा, मी ‘एक’ सांगितल्यामुळे ‘का’ हा प्रश्न विचारायची वेळच आली नव्हती. चालता-फिरता आहे म्हटल्यावर झोपून का असतो, हे कोण कशाला विचारेल? तीन ऐकलं असतं तर त्या तरुण डॉक्टरांनीही तो विचारला असता असं मला वाटतं, कारण ‘तीन’चं कारण पुष्कळदा शोधून काढण्यासारखं असतं: हाडाचं दुखणं, रक्त कमी होणं, फुप्फुसाभोवती साठलेलं पाणी, कधी नुसतं खचलेलं मन. मला वाटत होतं, आकडा मोठा झाला की दार बंद होईल. माझ्या खोटेपणाने दुसरंच दार बंद ठेवलं होतं.

पुढची केमोथेरपी दादाने नको म्हटली. त्यानंतर तो सात आठवडे होता. त्यांतले पाच ओसरीवर गेले. पट्टीवर लिहायचं तर तीनवरून दोनवर आला. कार्नॉफ्स्कीला १९४८ मध्ये जे टिपायचं होतं, ते नेमकं हेच होतं.

एकच सांगून थांबतो. तुमच्यापैकी कुणावर तिथे बसून उत्तर द्यायची वेळ आली, तर आठवडाभराची वही घेऊन जा. कितीला उठले, कितीला आडवे झाले, आंघोळीला कुणी हात दिला, आणि झोपून का होते. आकडा डॉक्टरांना लिहू द्या. प्रश्न असतील तर आता घेऊ.